देणगी कुठे गेली, हे आठ स्लाइडमध्ये कसं सांगायचं: छोट्या ट्रस्टसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षाचा हिशेब इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सरकत्या स्लाइडमधून, म्हणजे कॅरोसेलमधून, मांडायचा असतो, तेव्हा ट्रस्टची मंडळी जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना रोज दुपारचं जेवण देणारा एक छोटा ट्रस्ट आपण कल्पिला आहे. त्याचे आकडे समजावून सांगण्यासाठी धरलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

कॅरोसेलसाठी आकडे नेमके कुठून घ्यायचे?

ऑडिट झालेल्या जमा-खर्च पत्रकातून, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय कार्यालयात दाखल होणाऱ्या शेड्यूल नऊमधून. ताळेबंद शेड्यूल आठमध्ये असतो, तोही शेजारी उघडा ठेवा. खजिनदाराच्या वहीतून, कार्यक्रमातल्या भाषणातून किंवा गेल्या वर्षीच्या पोस्टमधून आकडा उचलू नका.

इथे पहिली अडचण येते. शेड्यूल नऊमध्ये खर्चाची शीर्षकं ठरलेली आहेत: आस्थापना खर्च, ऑडिट फी, घसारा वगैरे, आणि शेवटी ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च’. त्या शेवटच्या शीर्षकाखाली धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय अशी पोटविभागणी असते. म्हणजे आपल्या ट्रस्टचा तांदूळ, गॅस, स्वयंपाकी आणि टेम्पो हे सगळं ऑडिटच्या कागदावर ‘गरिबी निवारण : 19,36,000’ अशा एकाच ओळीत बसतं. देणगीदाराला त्या ओळीतून काहीच कळत नाही.

म्हणून फोड खतावणीतून करायची आणि तिची बेरीज ऑडिटच्या ओळीशी रुपयापर्यंत जुळवायची. जुळली नाही तर स्लाइड बनवायला बसू नका, आधी फरक शोधा. बहुतेक वेळा तो मार्चअखेर देय राहिलेल्या बिलांत सापडतो: किराणा मार्चमध्ये आला, पैसे एप्रिलमध्ये दिले.

आमच्या उदाहरणाचा पूर्ण हिशेब दाखवाल का?

वर्षभरात सर्वसाधारण देणग्या 21,40,000 रुपये आल्या आणि बँकेचं व्याज 60,000. एकूण उत्पन्न 22,00,000. याशिवाय एका देणगीदाराने 3,00,000 रुपये कायम निधीसाठी, तसं लिहून देऊन, दिले. ते उत्पन्नात नाहीत, ताळेबंदात आहेत. त्यांच्याकडे पुढे वळू.

खर्च असा झाला:

शिधा आणि भाजीपाला 9,90,000
स्वयंपाकी आणि मदतनिसांचं मानधन 4,84,000
गॅस आणि पाणी 1,98,000
स्वयंपाकघराचं भाडं 1,54,000
टेम्पो आणि डिझेल 1,10,000
कार्यालय (हिशेबनीस, ऑडिट, फोन, पावत्या, ऑनलाइन देणगीवरचं शुल्क) 1,76,000

पहिल्या पाच रकमांची बेरीज 19,36,000, म्हणजे ऑडिटमधली ती एक ओळ. कार्यालय धरून 21,12,000. शिल्लक राहिले 88,000.

आता हेच शंभर रुपयांत मांडू. शंभरातले 45 शिध्याला, 22 मानधनाला, 9 गॅस-पाण्याला, 7 भाड्याला, 5 वाहतुकीला, 8 कार्यालयाला, आणि 4 शिल्लक. दुसरी स्लाइड ही एवढीच. आडव्या सात पट्ट्या, प्रत्येकीसमोर नाव आणि रुपये. गोल चकती टाळा. मोबाइलवर 7 आणि 9 चा फरक चकतीत दिसत नाही, आणि नावं लिहायला जागा उरत नाही.

खऱ्या हिशेबात टक्के इतके गुळगुळीत निघत नाहीत. पूर्णांकात आणताना बेरीज 99 किंवा 101 होते आणि कोणीतरी ती मोजतोच. तेव्हा सगळ्यात मोठ्या रकमेत एक रुपया इकडेतिकडे करा आणि खाली ‘जवळच्या पूर्ण रुपयात’ असं लिहा. पण शिल्लक किंवा कार्यालय या ओळींना हात लावू नका. लोक नेमक्या त्याच तपासतात.

एका ताटाला किती खर्च येतो, हे कसं काढायचं?

खरी गोम इथेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

कूपनच्या नोंदवहीप्रमाणे वर्षात 48,400 ताटं वाढली गेली. आता एका ताटाचा खर्च तीन प्रकारे निघतो. फक्त शिधा धरला तर 9,90,000 भागिले 48,400, म्हणजे 20 रुपये 45 पैसे. स्वयंपाकी, गॅस, भाडं, टेम्पो धरले तर बरोबर 40 रुपये. कार्यालयही धरलं तर 43 रुपये 64 पैसे.

तिन्ही आकडे खरे आहेत. पण ‘फक्त 20 रुपयांत एक ताट’ ही ओळ स्लाइडवर फार छान दिसते, आणि बैठकीत कोणीतरी तिचा आग्रह धरतंच. 500 रुपये देणाऱ्याला मग वाटतं, आपण 24 माणसांना जेवू घातलं. प्रत्यक्षात त्याच्या 500 रुपयांत 11 ताटं होतात. तांदूळ आपोआप शिजत नाही आणि कढई चालत रुग्णालयापर्यंत जात नाही.

स्लाइडवर 44 लिहा. त्याखाली बारीक अक्षरात, पण वाचता येईल अशा, ‘यात शिधा 20, शिजवणं आणि पोचवणं 20, कार्यालय 4’ अशी फोड द्या. 20 चा आकडा लपवायचा नाही, त्याला त्याच्या जागी बसवायचा. ही फोड वाचणाऱ्याला ट्रस्टचं काम काय असतं हेही कळतं: धान्य विकत घेणं हा अर्ध्याहून कमी भाग आहे.

आणखी एक काळजी. ‘तुमच्या 500 रुपयांतून 11 ताटं’ असं लिहिलं की देणगी त्याच हेतूसाठी दिली, असा अर्थ कोणी काढू शकतो. विशिष्ट हेतूसाठी आलेला पैसा वेगळा दाखवावा लागतो आणि त्याच कामावर खर्चावा लागतो. म्हणून ‘गेल्या वर्षीच्या सरासरीप्रमाणे, देणगी ट्रस्टच्या सर्वसाधारण कामासाठी वापरली जाते’ ही ओळ त्याच स्लाइडवर असू द्या. कॅप्शनमध्ये टाकली तर व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेलेल्या चित्रात ती राहत नाही.

धान्य वस्तुरूपात आलं तर?

शेतकऱ्यांनी ज्वारी दिली, किराणा दुकानदाराने तेलाचे डबे दिले, लग्नघरातून बुंदी आली. अनेक छोटे ट्रस्ट याची किंमत हिशेबात धरत नाहीत. मग शिध्याचा खर्च कमी दिसतो आणि 44 रुपयांचं ताट खरं तर त्याहून महाग असतं. पुढच्या वर्षी ज्वारी आली नाही की तोच आकडा एकदम वर जातो आणि लोक विचारतात, पैसे कुठे गेले?

अंदाजाने किंमत लावून ती रुपयांत मिसळू नका. आवक नोंदवहीतून किलो आणि लिटर काढा आणि ताटाच्या स्लाइडवर एक वेगळी ओळ लिहा: ‘याशिवाय इतके किलो धान्य लोकांनी दिलं, त्याची किंमत वरच्या आकड्यात नाही.’ मात्र ऑडिटरने वस्तूंची किंमत हिशेबात धरली असेल, तर स्लाइडही त्याच रीतीने गेली पाहिजे.

ताटं मोजायची की माणसं?

ताटं. 48,400 ताटं म्हणजे 48,400 माणसं नव्हेत. ज्याची आई दहा दिवस वॉर्डात आहे तो मुलगा दहा वेळा जेवतो. ‘48,400 जणांना मदत’ असं लिहिलं तर रुग्णालयातला कोणीही सहज पकडेल. दिवसाला सरासरी 133 ताटं, हा आकडा उलट पटतो, कारण ज्याने ती रांग पाहिली आहे त्याच्या डोळ्यांना तो जुळतो.

कार्यालयाचे 8 रुपये दाखवले तर लोक नाराज होतील ना?

काही होतील. तरी दाखवा, आणि त्यासाठी पूर्ण एक स्लाइड द्या. त्या 1,76,000 रुपयांत हिशेबनिसाचं मानधन, ऑडिटची फी, पावत्यांची छपाई, फोन आणि ऑनलाइन देणगीवर कापलं जाणारं शुल्क आहे. पेमेंट गेटवेने समजा 2 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी घेतला, तर हजारातले 23 रुपये 60 पैसे वाटेतच जातात. हे कोणाला माहीत नसतं. सांगितलं की काही देणगीदार स्वतःहून बँकेत थेट पैसे भरतात.

जी गोष्ट अजिबात करू नये ती म्हणजे ‘तुमचा 100 टक्के पैसा गरजूंपर्यंत’. हे फक्त एकाच परिस्थितीत खरं असतं: कार्यालयाचा सगळा खर्च कोणी वेगळा, तसं सांगून, उचलत असेल तर. तसं असेल तर ते वाक्यही स्लाइडवर हवं. विश्वस्त स्वतःच्या खिशातून ऑडिट फी भरतात, असं अनेक ठिकाणी होतं. ती रक्कमसुद्धा देणगी म्हणून जमा करून मगच खर्ची टाकावी, नाहीतर हिशेबात ऑडिट फुकट झालेलं दिसतं.

उलट बाजूने, फक्त कार्यालय खर्चाच्या टक्केवारीवरून ट्रस्ट जोखणंही चुकीचं. 2013 साली अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी देणगीदारांना उद्देशून खुलं पत्र लिहून हेच सांगितलं होतं. धर्मादाय संस्थांची माहिती लोकांपुढे ठेवणं हेच त्यांचं काम होतं, म्हणून ते पत्र गाजलं. आपल्याकडे एक वेगळीच पळवाट दिसते: कार्यालय 8 ऐवजी 3 दिसावं म्हणून हिशेबनिसाचं मानधन ‘उद्दिष्टांवरील खर्चा’त ढकलायचं. सरळ कसोटी अशी की त्या माणसाला उद्या सुट्टी दिली तर उद्याचं जेवण अडेल का? स्वयंपाकीण आली नाही तर अडेल. हिशेबनीस आला नाही तर नाही अडणार, पावती उशिरा जाईल. जो माणूस दोन्ही कामं करतो त्याचं मानधन दोन्हीकडे विभागा, प्रमाण ठरावात लिहून ठेवा आणि दर वर्षी तेच वापरा.

88,000 शिल्लक आणि 3 लाखांचा कायम निधी, हे का सांगायचं? लोक म्हणतील, पैसे आहेत मग मागता कशाला?

न सांगितल्यास ताळेबंद पाहणारा तेच म्हणेल, फक्त जास्त मोठ्याने.

आयकर कायद्याप्रमाणे धर्मादाय ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले किमान 85 टक्के उद्दिष्टांसाठी वापरायचे असतात. 15 टक्क्यांपर्यंत रक्कम पुढे ठेवता येते. आपल्या उदाहरणात 96 टक्के वापरले गेले आहेत. शिल्लक 88,000 म्हणजे किती? रोजचा खर्च सुमारे 5,800 रुपये, म्हणजे साधारण पंधरा दिवसांचं जेवण. स्लाइडवर असंच लिहा: ‘उद्या देणग्या थांबल्या तर या वर्षीच्या शिलकीतून पंधरा दिवस चालेल.’ आधीच्या वर्षांची शिल्लक असेल तर ती मिळवून दिवस मोजा.

कायम निधीची मुद्दल ट्रस्ट रोजच्या खर्चासाठी वापरत नाही. ती कायद्याने ठरवलेल्या मार्गांनी गुंतवायची आणि तिचं व्याज वापरायचं. त्यामुळे ‘यंदा 24 लाख 40 हजार देणग्या आल्या’ असं पहिल्या स्लाइडवर टाकलं आणि दुसऱ्या स्लाइडवर 22 लाखांची फोड दिली, की वाचणाऱ्याला 3 लाख गायब झालेले दिसतात आणि 60 हजार आकाशातून पडलेले. ही चूक फार वेळा होते. पहिल्या स्लाइडवर 22 लाख ठेवा आणि 3 लाख शिलकीच्या स्लाइडवर, त्याच्या कारणासकट.

मग आठ स्लाइडचा क्रम कसा?

इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये 20 चित्रं घेतं, पण म्हणून 20 करू नका. पहिलीवर दोनच आकडे: 22 लाख उत्पन्न, 48,400 ताटं, आणि आर्थिक वर्ष. दुसरीवर शंभर रुपयांची फोड. तिसरीवर एक ताट. चौथीवर कार्यालय. पाचवीवर शिल्लक आणि कायम निधी. सहावीवर जे जमलं नाही ते: समजा रविवारी जेवण देता आलं नाही, किंवा एप्रिलमध्ये गॅस मिळेना म्हणून चार दिवस फक्त पोहे दिले. सातवीवर पडताळणी कशी करायची. आठवीवर देणगी कशी द्यायची आणि पावती कधी मिळेल.

सहावी स्लाइड विश्वस्तांना नेहमी खुपते. पण सगळं छान झालं म्हणणाऱ्या सात स्लाइडपेक्षा त्या एका स्लाइडला जास्त विचारणा येते, आणि विचारणा करणाऱ्यांतून गॅसची सोय करणाराही निघतो.

आकार 1080 बाय 1350 पिक्सेल ठेवा. देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘ट्रस्ट’ हा शब्द टाइप करून आधी बघा. रकमा लाख-हजारातच लिहा.

पडताळणीच्या स्लाइडवर काय असावं?

ट्रस्टचं नोंदणीकृत नाव जसंच्या तसं, धर्मादाय नोंदणी क्रमांक, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंद असेल तर तो क्रमांक, ऑडिटरच्या फर्मचं नाव, आणि ऑडिट झालेलं पत्रक कुठे वाचता येईल ते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या दुव्यावर टिचकी मारून काही उघडत नाही, म्हणून दुवा प्रोफाइलमध्ये ठेवा आणि स्लाइडवर तसं लिहा. ऑडिटच्या पानावर ज्या ओळीतून आकडा घेतला ती पिवळी करून ठेवली तर शोधणाऱ्याचा वेळ वाचतो. पत्रक ठेवताना त्यात देणगीदारांचे पॅन किंवा पत्ते नाहीत ना, हे आधी बघा.

क्यूआर कोड स्लाइडवर छापावा का?

शक्यतो नको. पुढे पुढे जाणाऱ्या चित्रातला क्यूआर बदलणं अगदी सोपं असतं, आणि ट्रस्टचं नाव वर तसंच राहतं. कोड ट्रस्टच्या प्रोफाइलवर किंवा संकेतस्थळावर ठेवा. आठव्या स्लाइडवर लिहा: ‘पैसे पाठवण्याआधी अ‍ॅपमध्ये हेच नाव दिसतं का ते पाहा,’ आणि खाली बँकेतलं खात्याचं नाव. ते नाव एखाद्या विश्वस्ताचं वैयक्तिक नाव निघत असेल, तर आधी ती व्यवस्था बदला. तोपर्यंत पारदर्शकतेची पोस्ट टाकू नका.

‘80जी’ सवलतीबद्दल कसं लिहायचं?

कमी आणि नेमकं. ‘50 टक्के करसवलत’ वाचून लोकांना वाटतं, हजार दिले की पाचशे परत. तसं नाही. हजारातले पाचशे करपात्र उत्पन्नातून वजा होतात. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे त्यातून 150 रुपये आणि उपकर वाचतो. तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच, आणि उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. ट्रस्टने देणग्यांचं विवरण आयकर विभागाकडे भरल्यावरच देणगीदाराचं प्रमाणपत्र तयार होतं, म्हणून ‘पावती लगेच, कर-प्रमाणपत्र वर्ष संपल्यावर’ हे स्पष्ट लिहा. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या पोस्टमधून क्रमांक उचलण्याआधी सीएंना विचारा.

पोस्ट परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत जाते. त्यांच्याकडून देणगी घेता येईल?

पासपोर्ट कोणता, यावर ते ठरतं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत राहत असला तरी त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. न्यू जर्सीतल्या मावशी अमेरिकन नागरिक झाल्या असतील, तर ओसीआय कार्ड असूनही त्यांची देणगी विदेशी योगदान ठरते. अगदी त्यांनी पुण्यातल्या खात्यातून रुपयांत दिली तरी. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यावे लागतात. आपल्या छोट्या ट्रस्टकडे हे नसेल तर आठव्या स्लाइडवर ‘सध्या फक्त भारतीय नागरिकांकडून देणगी स्वीकारतो’ ही ओळ हवीच.

ऑडिट व्हायला सप्टेंबर उजाडतो. तोपर्यंत थांबायचं?

आर्थिक वर्षाच्या पोस्टसाठी हो. एप्रिलमध्ये टाकायचीच असेल तर फक्त ताटांची संख्या टाका, ती नोंदवहीत आहे. रुपये ऑडिटनंतर.

खाली कोणी लिहिलं, ‘सेवा आहे तर स्वयंपाक्याला पगार कशाला?’ काय उत्तर द्यायचं?

त्याच आकड्यांतून द्या. 4,84,000 रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला सुमारे 40,300. आपल्या उदाहरणात त्यात तीन जणी आणि एक मदतनीस धरू. म्हणजे माणशी साधारण 10,000, सकाळी सहापासून दीडपर्यंत 133 ताटांसाठी. एवढं लिहा आणि थांबा. वाद घालू नका, कमेंट पुसूही नका. बहुधा पुढचं कोणी तरी विचारतं की हे मानधन एवढं कमी कसं, आणि तो प्रश्न मात्र विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत घ्यावा लागतो.